घरखरेदीचं मुद्रांक शुल्क: महिलांची 1 टक्का सवलत कुठे हातची जाते आणि ती कशी टिकवायची

महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही ती सूट हुकते, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: कामांचा क्रम चुकतो. आधी चलन भरलं जातं, मग बँक सांगते की नवऱ्याचं नाव घाला, मग करारनाम्यात दोघांची नावं येतात आणि दुय्यम निबंधक कार्यालयात फरकाची रक्कम भरायला सांगतात. कधी उलटंही होतं. घर एकट्या बाईच्या नावे असतं, पण कुणी सांगितलंच नाही म्हणून शुल्क पूर्ण दराने भरलेलं असतं.

म्हणून इथे सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे ज्या क्रमाने ते करायला हवं. उदाहरण पुणे महानगरपालिका हद्दीतल्या फ्लॅटचं घेतलं आहे. इतर ठिकाणी दर बदलतील, क्रम बदलणार नाही.

## 1. आधी नावं ठरवा, बाकी सगळं नंतर

ही सवलत 31 मार्च 2021 च्या शासन आदेशाने आली आणि 1 एप्रिल 2021 पासून लागू झाली. तिच्या दोन अटी नीट समजून घ्या.

पहिली अट, खरेदीदार फक्त महिला हवी. एकापेक्षा जास्त खरेदीदार असतील तर सगळ्याच महिला हव्यात. आई आणि मुलगी, दोन बहिणी, सासू आणि सून अशा जोड्यांना सवलत मिळते. बायकोचं नाव पहिलं आणि नवऱ्याचं दुसरं, असं केलं की सवलत गेली. नावाचा क्रम किंवा हिश्श्याचं प्रमाण यात मोजलं जात नाही. बायकोचा हिस्सा 99 टक्के लिहिला तरी निम्मी किंवा अंशतः सवलत असा प्रकार नाही.

दुसरी अट, मालमत्ता निवासी हवी. फ्लॅट, रो हाऊस, बंगला चालतो. दुकान, ऑफिस, गोडाऊन किंवा मोकळा प्लॉट घेताना ही सवलत धरून हिशेब करू नका. प्लॉट घेऊन पुढे त्यावर घर बांधणार असाल तरी आज विकत घेताय तो प्लॉटच.

सुरुवातीला आणखी एक अट होती, की सवलतीत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. 26 मे 2023 च्या आदेशाने ती काढून टाकली. काही वकील आणि एजंट अजूनही जुन्या अटीची भीती घालतात, आणि त्या भीतीपोटी लोक मुलाचं किंवा नवऱ्याचं नाव आधीच घालून ठेवतात. तसं करायची गरज उरलेली नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग, कर्जाचा. नवरा-बायको दोघांच्या पगारावर कर्ज घ्यायचं असेल तर बँक दोघांना अर्जदार करते. अर्जदार असणं वेगळं आणि मालक असणं वेगळं. नवरा नुसता सहकर्जदार राहिला आणि करारनाम्यात खरेदीदार म्हणून त्याचं नाव नसलं, तर सवलत शाबूत राहते. पण काही बँकांचा नियम असा असतो की ज्याचं उत्पन्न धरलं आहे तो मालकही हवा. त्यामुळे हा प्रश्न मंजुरीपत्र हातात येण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी, निदान ईमेलवर, घ्या.

दुसरी बाजूही पाहायला हवी. हप्ता नवरा भरणार आणि घर फक्त बायकोचं, असं असेल तर गृहकर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत नवऱ्याला मिळत नाही, कारण ती मालकालाच मिळते. बायकोला स्वतःचं उत्पन्न नसेल आणि नवरा जुन्या करप्रणालीत मोठी वजावट घेणार असेल, तर दोन-चार वर्षांतच मुद्रांक शुल्कातली बचत आयकरात निघून जाऊ शकते. दोन्ही आकडे कागदावर शेजारी मांडून बघा. माझं मत विचाराल तर बाईच्या एकटीच्या नावाचं घर ही त्या एक टक्क्याहून मोठी गोष्ट आहे. पण घरातल्या सगळ्यांनी हिशेब समजून घेऊन तो निर्णय केलेला असावा.

तपासा: खरेदीदार कोण, कर्जदार कोण आणि हप्ता कोणाच्या खात्यातून जाणार, या तिन्हींची उत्तरं ठरल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## 2. शुल्क कोणत्या रकमेवर लागतं ते काढा

करारात लिहिलेली किंमत, म्हणजे मोबदला, आणि सरकारी बाजारमूल्य, या दोनपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क लागतं. बाजारमूल्य काढायचं ते वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावरून. सगळे त्याला रेडी रेकनर म्हणतात. igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर e-ASR मध्ये जिल्हा, तालुका, गाव निवडून सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की त्या विभागाचा प्रति चौरस मीटर दर दिसतो. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे विभाग असू शकतात, म्हणून शेजारच्या सोसायटीचा दर धरून चालत नाही. तुमच्या कागदावरचाच नंबर टाका.

इथे होणारी मोठी चूक क्षेत्रफळाची. तक्त्यातला फ्लॅटचा दर बिल्ट-अप, म्हणजे बाहेरच्या भिंतींसकट क्षेत्राला लागतो आणि करारात हल्ली रेराप्रमाणे कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्र लिहिलेलं असतं. रेरा कार्पेटला 1.1 ने गुणून बिल्ट-अप काढतात. लोक कार्पेटलाच दर लावतात, आकडा कमी येतो, आणि नोंदणीच्या दिवशी तूट निघते.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. पुणे महानगरपालिका हद्द, नवी इमारत, तिसरा मजला, रेरा कार्पेट 60 चौरस मीटर, ठरलेली किंमत 70 लाख रुपये. रेडी रेकनरचा दर हिशेबासाठी 1,10,000 रुपये प्रति चौरस मीटर धरू.

बिल्ट-अप क्षेत्र झालं 66 चौरस मीटर. बाजारमूल्य 66 गुणिले 1,10,000, म्हणजे 72,60,000 रुपये. किंमत 70 लाख ठरली असली तरी शुल्क 72,60,000 वर लागणार.

मुद्दाम तिसरा मजला आणि नवी इमारत घेतली आहे. लिफ्ट असलेल्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांना दर वाढवून धरतात आणि जुन्या इमारतीला घसारा देतात. बंदिस्त किंवा उघडं पार्किंग करारात लिहिलं असेल तर त्याचंही मूल्य मिळवावं लागतं. तुमच्या घराला यातलं काही लागू होत असेल तर मूल्यांकन स्वतः अंदाजाने न करता दस्त नोंदणीचं काम रोज करणाऱ्या वकिलाकडून लेखी काढून घ्या.

थांबा: बाजारमूल्याबद्दल किंवा सवलतीच्या पात्रतेबद्दल खरी शंका असेल, तर सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी मसुदा देता येतो. ते किती शुल्क लागेल हे ठरवून देतात. यात वेळ जातो, म्हणून ताब्याच्या तारखेच्या तोंडावर हा मार्ग धरू नका.

## 3. दर लावा

पुणे महानगरपालिका हद्दीत मूळ मुद्रांक शुल्क 5 टक्के, स्थानिक संस्थेचा अधिभार 1 टक्का आणि मेट्रो अधिभार 1 टक्का, असे एकूण 7 टक्के होतात. फक्त महिला खरेदीदार असेल तर 6 टक्के. मुंबईत एकूण 6 टक्के आहेत, महिलांना 5. लहान शहरांत आणि ग्रामपंचायत हद्दीत मूळ दर कमी असतो आणि मेट्रो अधिभार सगळीकडे नसतो. घर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे की हद्दीला लागून असलेल्या गावात, हे पत्त्यावरून ठरवू नका, मिळकतकराच्या पावतीवरून ठरवा.

आपल्या उदाहरणात एकट्या महिलेला 72,60,000 वर 6 टक्क्यांनी 4,35,600 रुपये भरावे लागतील. नवऱ्याचं नाव जोडलं तर 7 टक्क्यांनी 5,08,200. फरक 72,600 रुपयांचा.

नोंदणी फी वेगळी. ती 1 टक्का, पण 30,000 रुपयांच्या वर जात नाही. 30 लाखांच्या पुढच्या प्रत्येक घराला म्हणूनच 30,000 लागतात. महिला सवलत मुद्रांक शुल्कात आहे, नोंदणी फीमध्ये नाही. दोन्ही एकाच चलनात भरली जात असल्याने लोक दोन्हींतून टक्का कमी करतात आणि चलन कमी पडतं. याशिवाय दस्ताच्या पानांप्रमाणे दस्त हाताळणी शुल्क लागतं, ते किरकोळ असलं तरी स्वतंत्र भरायचं असतं.

## 4. मसुदा तयार करा आणि त्यात तीन जागा पाहा

चलन भरण्याआधी मसुदा अंतिम झालेला हवा. तो वाचताना वकिलावर सोडून न देता स्वतः तीन जागा पाहा.

पहिली, «लिहून घेणार» या मथळ्याखाली कोणाची नावं आहेत. तिथे फक्त महिला असली पाहिजे. बिल्डरच्या छापील मसुद्यात बुकिंग फॉर्मवरची नावं आपोआप येतात, आणि बुकिंगच्या दिवशी दोघांनी सह्या केलेल्या असतात. तेव्हा बुकिंग फॉर्म आणि वाटपपत्रही दुरुस्त करून घ्या.

दुसरी जागा म्हणजे नावाचं स्पेलिंग. बाईच्या बाबतीत हा प्रश्न फार येतो. पॅनवर लग्नाआधीचं नाव, आधारवर लग्नानंतरचं आणि बँक खात्यावर आणखी तिसरंच. शक्य असेल तर पॅन आणि आधार एकसारखे करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर दस्तात पॅनवरचं नाव लिहून पुढे «लग्नाआधीचे नाव» किंवा «लग्नानंतरचे नाव» असा स्पष्ट उल्लेख करा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडा. चलनावर मात्र दस्तात आहे तेच नाव हवं.

तिसरी, मुद्रांक शुल्काचं कलम. घर निवासी आहे, खरेदीदार महिला आहे आणि 31 मार्च 2021 च्या आदेशानुसार सवलत घेतली आहे, हे त्या कलमात एका वाक्यात आलेलं असावं. हे वाक्य नसलं म्हणून हक्क जात नाही, पण असलं की खिडकीवर वाद होत नाही आणि पुढे घर विकताना शुल्क कमी का भरलं, या प्रश्नाचं उत्तर दस्तातच सापडतं.

साठेखत आणि खरेदीखत असे दोन दस्त होणार असतील तर लक्षात ठेवा, फ्लॅटच्या व्यवहारात पूर्ण शुल्क सहसा पहिल्याच दस्तावर, म्हणजे करारनाम्यावर भरलं जातं आणि पुढच्या खरेदीखतात त्याची वजावट मिळते. ती वजावट त्याच पक्षकारांमध्ये मिळते. करारनामा बायकोच्या नावे आणि खरेदीखतात नवऱ्याचं नाव घुसवलं, तर वजावटही अडचणीत येते आणि सवलतही.

## 5. चलन भरा

शुल्क भरायचं ते शासनाच्या ग्रास प्रणालीतून, gras.mahakosh.gov.in वर. नोंदणी न करताही भरता येतं. त्यासाठी Pay Without Registration हा पर्याय आहे. विभाग Inspector General of Registration निवडायचा आणि मग जिल्हा व कार्यालय. पुण्यात हवेली क्रमांक 1, 2 अशी बरीच दुय्यम निबंधक कार्यालयं आहेत. ज्या कार्यालयात नोंदणी करणार तेच निवडा.

आपल्या उदाहरणात मुद्रांक शुल्काच्या रकान्यात 4,35,600 आणि नोंदणी फीच्या रकान्यात 30,000 टाकायचे. पैसे भरणाऱ्याच्या नावात खरेदीदार महिलेचं नाव आणि तिचाच पॅन. खातं कोणाचंही वापरलं तरी चालतं, पण चलनावर नाव नवऱ्याचं, भावाचं किंवा एजंटचं नको. दुसऱ्या पक्षाचं, म्हणजे विकणाऱ्याचं नाव शेऱ्याच्या रकान्यात येतं. फ्लॅट क्रमांक, इमारत, गाव आणि पिनकोड दस्तात आहे तसाच.

पैसे गेल्यावर MH ने सुरू होणारा जीआरएन क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, चलनाची पीडीएफ उतरवून घ्या. पैसे खात्यातून गेले पण चलन निघालं नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. Search Challan मध्ये आधी शोधा. एक दिवस थांबून पुन्हा पाहा, कारण बँकेकडून नोंद उशिरा येते. घाईत दुप्पट भरलेले पैसे परत मिळवायला अर्ज, शपथपत्र आणि हेलपाटे लागतात.

थांबा: न वापरलेलं चलन भरल्यापासून सहा महिन्यांत वापरायचं असतं आणि परताव्याचा अर्जही त्याच मुदतीत करायचा असतो. व्यवहार डळमळीत असेल तर चलन भरू नका.

थांबा: मार्चअखेरीला विशेष काळजी घ्या. नवे रेडी रेकनर दर साधारण 1 एप्रिलला लागतात आणि शुल्क दस्तावर सही झाली त्या तारखेच्या दराने मोजतात, चलन भरल्याच्या तारखेच्या नाही. 28 मार्चला चलन भरून 3 एप्रिलला सही केली तर नवा दर लागेल.

## 6. सही कधी करायची

चलन आधी, सही नंतर. सहीच्या दिवशी किंवा फार तर त्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत शुल्क भरलेलं असलंच पाहिजे. आधी सही करून ठेवू आणि पैसे आले की शुल्क भरू, असं केलं तर कमी भरलेल्या रकमेवर सहीच्या तारखेपासून दरमहा 2 टक्के दंड लागतो.

सही झाल्यावर नोंदणीसाठी चार महिने मिळतात. ते चुकले तर आणखी चार महिन्यांत दंड भरून नोंदणी होऊ शकते, आणि तो दंड नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत जातो. 30,000 च्या दहा पट म्हणजे 3 लाख. शक्यतो सही आणि नोंदणी एकाच दिवशी करा.

खरेदीदार महिला परदेशात असेल तर तिच्या वतीने भाऊ किंवा नवरा कुलमुखत्यारपत्रावर सही करू शकतो. खरेदीदार तीच राहते, त्यामुळे सवलतीला धक्का लागत नाही. मात्र परदेशात केलेलं मुखत्यारपत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. आणि मुखत्याराने स्वतःचं नाव खरेदीदाराच्या रकान्यात लिहू नये, ही चूक माहिती भरताना सर्रास होते.

## 7. नोंदणीचा दिवस

जाण्याआधी संकेतस्थळावर Public Data Entry भरायची असते. पक्षकार, मिळकत, मोबदला ही सगळी माहिती तिथे तुम्ही किंवा तुमचा वकील टाकतो आणि एक क्रमांक मिळतो. सूची दोन, म्हणजे नोंदणीनंतर मिळणारा दस्ताचा गोषवारा, त्यावर पुढे जे छापून येतं ते बरंचसं इथूनच उचललं जातं. म्हणून वकिलाच्या ऑफिसातला मुलगा माहिती भरत असेल तर त्याच्या शेजारी बसा. घराचा प्रकार निवासी निवडला आहे का आणि खरेदीदाराच्या नोंदीत स्त्री लिहिलं आहे का, ते पाहा.

सोबत मूळ दस्त, चलन, सगळ्यांचे पॅन आणि आधार, आधीच्या खरेदीची सूची दोन, मिळकतकराची पावती, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार ओळखपत्रांसह हवेत. कार्यालयात फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतात, चलन प्रणालीत वापरलं म्हणून रद्द केलं जातं, म्हणजे तेच चलन पुन्हा कुणाला वापरता येत नाही.

सवलत नाकारली तर तिथेच फरक भरून मोकळं व्हायची घाई होते, कारण विकणारा रजा काढून आलेला असतो. आधी शांतपणे कारण विचारा. बहुतेक वेळा माहिती भरताना प्रकार चुकलेला असतो आणि दुरुस्ती त्याच दिवशी होते. कारण पात्रतेचंच असेल तर नोंदणी पुढे ढकलून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, चार महिन्यांची मुदत हाताशी आहे. जास्तीचं शुल्क भरून दस्त नोंदवला की ते पैसे परत येतील असं गृहीत धरू नका.

तपासा: सूची दोन हातात आल्यावर कार्यालयाच्या पायऱ्या उतरण्याआधी वाचा. मोबदला, बाजारभाव, भरलेलं मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, लिहून घेणाऱ्याचं नाव, क्षेत्रफळ आणि सवलतीचा शेरा. यातली एखादी चूक राहिली तर पुढे चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो आणि त्यासाठी विकणाऱ्याला पुन्हा बोलवावं लागतं.

## 8. नोंदणीनंतर राहून जाणारं

घराची किंमत किंवा मुद्रांक मूल्य 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतून 1 टक्का टीडीएस कापून खरेदीदाराने भरायचा असतो, आणि तो या दोन रकमांपैकी मोठ्या रकमेवर. आपल्या उदाहरणात तो 72,60,000 वर, म्हणजे 72,600 रुपये. शुल्कातली सवलतही इतकीच आली म्हणून दोन्हींची गल्लत करू नका. हे पैसे विकणाऱ्याच्या वाट्यातले आहेत. घर महिलेचं असल्याने कापणारीही तीच, फॉर्मवर पॅन तिचाच.

कर्ज घेतलं असेल तर मूळ कागद बँकेत ठेवताना गहाणाचं वेगळं मुद्रांक शुल्क लागतं आणि गहाणाची सूचना 30 दिवसांत ऑनलाइन दाखल करायची असते. घराच्या दस्तावर शुल्क भरलं म्हणजे हे भागलं, असं होत नाही.

सोसायटीचं भागप्रमाणपत्र, मिळकतकर आणि वीजमीटर यांवर नाव लावताना सोसायटीचा फॉर्म दोन नावं मागतो आणि लोक सवयीने नवऱ्याचंही भरतात. दस्तात एकटीचं नाव असेल तर तिथेही सभासद म्हणून एकटीचंच लावा. नवऱ्याचं नाव नामनिर्देशनाच्या रकान्यात टाकता येतं.